मूडलवर टक्के एकदम ८२ किंवा एकदम ३७: न तपासलेलं काम शून्य धरलंय की वगळलंय, हे कसं शोधायचं

आमच्या कॉलेजात शिकवण्याबरोबर मूडलचं कामही माझ्याकडे आहे. दर सेमिस्टरला, साधारण पहिलं टेस्ट झालं की, एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी येते. गेल्या वेळी एक विद्यार्थिनी लॅबच्या दारात उभी राहून म्हणाली, "सर, पोर्टलवर मला ३७ टक्के दाखवतंय. घरी बाबांनी बघितलं. मी डिफॉल्टरमध्ये आहे का?" तिने जे जे काम दिलं होतं त्यात तिला ८० टक्क्यांच्या वर मार्क होते. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या विषयाच्या मॅडम आल्या, त्यांची तक्रार बरोबर उलटी. "निम्मी कामं न दिलेल्या पोराला ऐंशीच्या वर दाखवतंय आणि सगळं वेळेवर देणारी मुलं खाली आहेत."

दोन्हीकडे मूळ एकच. कोऱ्या राहिलेल्या रकान्याचं काय करायचं, याचं उत्तर मूडलने आपल्या मनाने नाही, कोणीतरी लावून ठेवलेल्या सेटिंगवरून घेतलेलं असतं. आणि हे शिक्षकाला माहीत नसतं, विद्यार्थ्याला तर नाहीच.

लक्षणं

खालीलपैकी काही दिसत असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे:

- सेमिस्टरच्या सुरुवातीला सगळ्या वर्गाचे टक्के ८, १०, १२ असे दिसतात आणि हळूहळू वर चढतात.
- काम न देणाऱ्याचे टक्के देणाऱ्यापेक्षा जास्त दिसतात.
- नवी असाइनमेंट नुसती तयार केली, तपासली नाही, तरी सगळ्यांचे टक्के खाली आले.
- शिक्षकाला एक एकूण दिसते, विद्यार्थ्याला त्याच्या मोबाइलवर दुसरी.
- हाताने काढलेली वर्गाची सरासरी आणि ग्रेडबुकच्या तळाची सरासरी जुळत नाही.

आधी नीट बघा: तिथे डॅश आहे की शून्य?

हे एका मिनिटाचं काम आहे आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. `Grader report` उघडा, त्या मुलाची ओळ बघा. `-` असेल तर मूडलच्या लेखी तिथे मार्कच नाहीत. `0.00` असेल तर कोणीतरी शून्य दिलेलं आहे. कागदाच्या मार्कलिस्टवर दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून डोळा फसतो. पण शून्य हा आकडा आहे. तो कोणत्याही सेटिंगमध्ये सरासरीत धरला जातो. डॅशचं मात्र काय होईल ते सेटिंगवर अवलंबून.

मग त्याच मुलाचा `User report` उघडा. तिथे `Calculated weight` नावाचा स्तंभ असतो. एखाद्या कामासमोर `( Empty )` असं लिहिलेलं दिसलं तर ते काम त्या मुलाच्या एकूणमधून वगळलेलं आहे. समोर डॅश असूनही वजन टक्क्यांत दाखवत असेल तर ते शून्य धरून मोजलंय. कोणतीही सेटिंग न उघडता कळतं, म्हणून मी नेहमी इथूनच सुरुवात करतो. विद्यार्थ्यालाही त्याचा स्वतःचा अहवाल दिसतो, तेव्हा फोनवर विचारणाऱ्याला मी आधी हेच बघायला सांगतो.

कागदावर तीन भागाकार करा

ती विद्यार्थिनी, रोल नंबर २३ म्हणू. विषयाला एकूण १०० मार्क: प्रत्येकी १० मार्कांच्या पाच असाइनमेंट आणि प्रत्येकी २५ च्या दोन क्विझ. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिची स्थिती अशी होती. पहिल्या असाइनमेंटला ८, दुसरीला ९. तिसरी तिने दिलीच नव्हती, मुदत उलटून गेलेली. चौथी दिली होती, पण सरांनी तपासली नव्हती. पाचवीची तारीख यायची होती. पहिल्या क्विझला २०, दुसरी क्विझ व्हायची होती.

मिळालेले मार्क ३७. याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कशाने भागायचं याचा.

सगळे डॅश वगळले तर जी तीन कामं तपासली गेली त्यांचे कमाल मार्क ४५. ३७ भागिले ४५, म्हणजे ८२.२२ टक्के. सगळे डॅश शून्य धरले तर ३७ भागिले १००, म्हणजे ३७ टक्के. आणि न दिलेल्या तिसऱ्या असाइनमेंटला शून्य धरलं, पण न तपासलेली चौथी आणि अजून न झालेली कामं बाजूला ठेवली, तर ३७ भागिले ५५, म्हणजे ६७.२७ टक्के.

शेवटचा आकडा त्या दिवशीची खरी स्थिती सांगतो. ८२ मध्ये तिने बुडवलेलं काम लपतं. ३७ मध्ये सरांचं राहिलेलं तपासणीचं काम आणि अजून न आलेली क्विझ तिच्या माथी मारली जाते. मूडल आपणहून फक्त पहिले दोन आकडे देऊ शकतं, कारण डॅश का आहे हे त्याला कळत नाही. मुलाने काम दिलं नाही, शिक्षकाने तपासलं नाही, तारीख आली नाही: तिन्ही ठिकाणी तोच डॅश. तिसरा आकडा हवा असेल तर माणसाला हात लावावा लागतो.

त्याच वर्गातल्या रोल नंबर ४१ ने सगळं वेळेवर दिलं होतं: ७, ७, ८ आणि क्विझला १८, म्हणजे ५५ पैकी ४०, ७२.७३ टक्के. डॅश वगळलेल्या यादीत तो २३ च्या बराच खाली होता. तिसऱ्या असाइनमेंटचं शून्य टाकल्यावर क्रम उलटला. मॅडमची तक्रार ती हीच.

पूर्ण वर्गासाठी हे तपासायचं तर ग्रेडबुक एक्सेलमध्ये एक्स्पोर्ट करा. शीर्षकाखाली एक नवी ओळ घालून त्यात प्रत्येक कामाचे कमाल मार्क लिहा. मुलं तिसऱ्या ओळीपासून आणि मार्क C ते I स्तंभांत असतील तर:

```
=SUM(C3:I3)/SUMIF(C3:I3,">=0",C$2:I$2)
=SUM(C3:I3)/SUM(C$2:I$2)
```

पहिलं सूत्र डॅश वगळून मोजतं, दुसरं शून्य धरून. डॅश हा एक्सेलच्या दृष्टीने मजकूर असतो, म्हणून तो दोन्हीकडे बेरजेत येत नाही. मूडलची एकूण यातल्या ज्या स्तंभाशी जुळते, तीच सेटिंग तुमच्या कोर्सला लागलेली आहे.

डॅश कुठून आला ते शोधा

सेटिंगला हात लावण्याआधी हे करा. नाहीतर राहिलेल्या तपासणीची शिक्षा मुलांना होते.

असाइनमेंटच्या पानावर जाऊन काम आलंय पण मार्क नाहीत अशी मुलं आधी बघा. ती तपासून टाका. दुसरं, असाइनमेंटला `Use marking workflow` चालू असेल तर तुम्ही मार्क भरले तरी स्थिती `Released` होईपर्यंत ते ग्रेडबुकात जात नाहीत. असाइनमेंटच्या पानावर ८ दिसतात, ग्रेडबुकात डॅश. दोन शिक्षक मिळून तपासतात तिथे हे हमखास होतं, कारण दोघांनाही वाटतं की रिलीज दुसऱ्याने केलंय.

तिसरं, क्विझमध्ये एक जरी निबंधवजा प्रश्न असेल तर तो हाताने तपासेपर्यंत त्या क्विझचा एकूण मार्क लागत नाही. २५ पैकी २० मार्कांचे बहुपर्यायी प्रश्न यंत्राने केव्हाच तपासलेले असतात, पण ५ मार्कांच्या एका उत्तरासाठी संपूर्ण क्विझ डॅश राहते.

आणि चौथं, ज्याने क्विझ उघडलीच नाही त्याला क्विझ बंद झाल्यावरही शून्य मिळत नाही. डॅशच राहतो. बऱ्याच शिक्षकांचा समज असतो की मुदत संपली की मूडल शून्य देतं. देत नाही.

एकूण मार्क बघताय की टक्के?

"कोरे मार्क वगळण्याची टिक काढली, लावली, काहीच बदलत नाही" अशी तक्रार आली की मी हे आधी विचारतो. एकूण काढण्याची पद्धत `Natural` असेल, आणि २०१४ मध्ये आलेल्या मूडल २.८ पासून ती पद्धत आहे, तर एकूण म्हणजे सरळ बेरीज. २३ ची बेरीज दोन्ही सेटिंगमध्ये ३७.०० च दिसणार. बदलतो तो भाजक, म्हणून फरक फक्त टक्क्यांत आणि `Range` मध्ये दिसतो.

पद्धत `Mean of grades` असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक काम आधी टक्क्यांत जातं आणि सगळ्या कामांना सारखं वजन मिळतं, १० मार्कांची असाइनमेंट असो की २५ ची क्विझ. २३ चे ८०, ९० आणि ८०, सरासरी ८३.३३. सगळे डॅश शून्य धरले तर २५० भागिले ७, म्हणजे ३५.७१. तेव्हा वरचे भागाकार जवळपास जुळतायत पण एक-दोन टक्के हुकतायत असं झालं तर चूक शोधत बसण्याआधी पद्धत कोणती आहे ते बघा.

आता ती टिक

`Grades` मध्ये `Gradebook setup` उघडा. सगळ्यात वरच्या ओळीवर, म्हणजे कोर्सच्या नावावर, संपादनात जा. तिथे `Exclude empty grades` अशी टिक आहे. काही ठिकाणी ती दिसायला `Show more...` दाबावं लागतं. टिक असेल तर डॅश वगळले जातात. नसेल तर प्रत्येक डॅश त्या कामाच्या किमान मार्कांइतका, म्हणजे बहुधा शून्य, धरला जातो.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती उपगटांत. "असाइनमेंट" आणि "क्विझ" असे दोन गट केलेले असतील तर प्रत्येक गटाला स्वतःची टिक आहे. वरची बदलली म्हणून आतली बदलत नाही. असाइनमेंट गटात टिक नाही आणि वर आहे, असा कोर्स मी कितीदा तरी सोडवलाय: क्विझचे डॅश वगळले जातात, असाइनमेंटचे शून्य होतात, आणि निघालेला आकडा कोणालाच समजावता येत नाही. प्रत्येक गट उघडून बघा. आणखी एक: टिक असलेल्या गटात एकही मार्क नसेल तर तो गटच कोरा धरला जातो. मग वरच्या पातळीवर ६० टक्के वजनाचा क्विझ गट अख्खा बाहेर राहतो आणि दिसणारे टक्के फक्त असाइनमेंटचे असतात.

माझं मत स्पष्ट आहे. सेमिस्टर चालू असताना टिक ठेवा. टिक काढलेल्या कोर्सात पहिल्या असाइनमेंटला १० पैकी ८ मिळवणाऱ्या मुलाला ८ टक्के दिसतात. त्या आकड्याचा त्याला काडीचा उपयोग नाही, आणि त्याच्या घरच्यांना तर तो सरळ नापास वाटतो. पण टिक ठेवायची तर पुढची जबाबदारी आपली.

मुदत संपली की शून्य हाताने भरा

नुसती `Due date` नाही, `Cut-off date` उलटल्यावर. पहिल्या तारखेनंतर उशिरा आलेलं काम मूडल घेतं, दुसरीनंतर घेत नाही.

असाइनमेंटचे शून्य असाइनमेंटमध्येच भरा. तपासणीच्या पानावर `Quick grading` चालू केलं की काम न दिलेल्या मुलांच्या रकान्यातही मार्क टाकता येतात. साठ मुलांच्या वर्गाला पाच-दहा मिनिटं लागतात. याहून सोपा रस्ता आहे: `Single view` मधली `Bulk insert` सोय. `Empty grades` निवडून 0 टाकलं की एका झटक्यात सगळे डॅश शून्य. पण मी ती असाइनमेंटसाठी वापरत नाही. ग्रेडबुकात थेट टाकलेला मार्क `Overridden` होतो. उद्या एखाद्याचं दवाखान्याचं कारण मान्य करून तुम्ही त्याचं काम तपासलं आणि असाइनमेंटमध्ये ७ दिले, तरी ग्रेडबुकात शून्यच राहतं. वरचा थर जोपर्यंत काढत नाही तोपर्यंत खालचा मार्क वर येत नाही. एका मुलाचे असे सात मार्क टर्मवर्क लावायच्या आदल्या दिवशी सापडले होते, तेही त्याने स्वतः येऊन सांगितलं म्हणून. शिवाय `Empty grades` मध्ये न तपासलेली आणि रिलीज न झालेली कामंही येतात, त्यांनाही शून्य पडतं.

क्विझला मात्र पर्याय नाही. प्रयत्नच नसेल तर क्विझच्या आत मार्क देता येत नाही, तो ग्रेडबुकातच द्यावा लागतो. अशा मुलांचे रोल नंबर वहीत लिहून ठेवा. पुन्हा क्विझ घेतली तर आधी त्या रकान्यावरची `Overridden` टिक काढा.

ज्याला खरोखर सूट द्यायची आहे, आजारपण असो किंवा विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी बाहेर असो, त्याच्या त्या रकान्याच्या संपादनात `Excluded` टिक लावा. मग गटाची सेटिंग काहीही असली तरी ते काम त्याच्यापुरतं मोजलं जात नाही.

विद्यार्थ्याला वेगळं दिसतंय

शिक्षकाला ६७ आणि मुलाला ८२ दिसत असेल तर एखादा मार्क लपवलेला आहे. `Course grade settings` मध्ये `Hide totals if they contain hidden items` बघा. त्याचे तीन पर्याय आहेत: एकूण लपवा, लपवलेली कामं सोडून दाखवा, किंवा ती धरून दाखवा. मधला पर्याय असेल तर मुलाचा आकडा वेगळा निघणारच. मार्क जाहीर करायचे झाले की लपवलेलं उघडा, तक्रार संपते.

तळाची सरासरी

वर्गाच्या सरासरीचा हिशोब त्या टिकशी जोडलेला नाही. तो `Preferences: Grader report` मधल्या `Grades selected for column averages` वर चालतो. ६० च्या वर्गात तिसरी असाइनमेंट ४८ जणांनी दिली आणि त्यांचे मिळून ३६० मार्क झाले, तर `Non-empty grades` ला सरासरी ७.५ दिसते आणि `All grades` ला ६. पहिला आकडा सांगतो की ज्यांनी केलं त्यांना ते किती जमलं. दुसऱ्यात न करणारेही आहेत. विभागप्रमुखांना आकडा देताना दोन्हीपैकी कोणता ते सोबत लिहा, कारण दोन शिक्षकांनी दोन वेगळे पर्याय ठेवले की त्यांच्या विषयांची तुलनाच होऊ शकत नाही.

मार्क पाठवण्याआधी

सेमिस्टरच्या शेवटी `Grader report` मध्ये एकही डॅश उरलेला नसावा. फक्त सूट दिलेल्यांचे चालतील. मग पडताळा सोपा आहे. टिक काढून एकूण बघा, परत लावून बघा. दोन्ही वेळा सगळ्यांचे टक्के तेच आले तर ग्रेडबुक पूर्ण आहे. एखाद्याचे हलले तर त्याच्या ओळीत कुठेतरी डॅश राहिलाय.

इथे थांबा आणि ॲडमिनला बोलवा

`Exclude empty grades` ची टिक दिसत नाही किंवा बदलता येत नाही, तर ती संपूर्ण साइटसाठी सक्तीने ठरवलेली असू शकते. ती फक्त ॲडमिन सोडवू शकतो, आणि बहुधा कॉलेजच्या निर्णयाने बसवलेली असते, म्हणून आधी विभागप्रमुखांशी बोला.

गटाच्या एकूणला स्वतःचं सूत्र लावलेलं असेल, म्हणजे `Gradebook setup` मध्ये तिथे गणकयंत्राचं चिन्ह असेल, तर टिक कशीही फिरवा, उपयोग नाही. सूत्र कोऱ्या रकान्याला शून्य धरतं. ते ज्यांनी लिहिलं त्यांनीच बदलावं. मी स्वतः दुसऱ्याच्या सूत्राला हात लावत नाही.

तिन्ही भागाकारांपैकी एकही जुळत नाही, पद्धत आणि वजनंही बघून झाली, तर पुढे टिकांशी खेळू नका. प्रत्येक बदलाला साऱ्या वर्गाची एकूण नव्याने मोजली जाते आणि मुलांना ती लगेच दिसते. एका मुलाचा `User report`, `Gradebook setup` चं पूर्ण पान आणि तुमचा कागदावरचा हिशोब, एवढ्या तिघांचे फोटो ॲडमिनला पाठवा.

आणि मार्क परीक्षा विभागाकडे गेलेले असतील तर ग्रेडबुकात काहीही बदलू नका. तिथून पुढची दुरुस्ती लेखी अर्जानेच होते. तुम्ही मूडलमध्ये आकडा बदललात तर विद्यार्थ्याला एक दिसेल, मार्कलिस्टवर दुसरा छापून येईल.